सगळ्यांनी खाली उतरा

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात कोणी नुसतं खोकलं तरी त्या अजून वॉर्डात असल्यासारख्या मान वळवून बघत. आयुष्यभर त्यांनी माणसांना उठवलं, बसवलं, चालवलं. आणि आता त्यांचाच उजवा गुडघा वाकत नव्हता. दोनदा ऑपरेशन होऊनही तो सुधरेना, तेव्हा डॉक्टरांनी हाडाला हाड जोडून टाकलं. दुखणं गेलं, पण पाय काठीसारखा सरळ झाला तो कायमचा. घरात वॉकर, बाहेर चाकाची खुर्ची, आणि गाडीत मागच्या सीटवर पाय आडवा टाकून बसायचं, असं त्यांचं ठरून गेलं होतं.

गाडी मात्र त्यांना हवीच होती. साडेचारशे किलोमीटरवरच्या शहरात त्यांची धाकटी बहीण राहत होती. तिला झटका आला तेव्हा जीव वाचला, पण वाचा गेली. आता ती हात दाबून बोलायची. हो म्हणायचं तर एकदा दाबायची, नाही म्हणायचं तर नुसता हात सोडून द्यायची, आणि राग आला की नखं रुतवायची. त्याच शहरात नात शिकायला होती. म्हणून एक आठवडा सोडून दर शनिवारी घरातले तिघं, म्हणजे मेट्रनबाई, मुलगा आणि सून, पहाटे निघायचे आणि रविवारी परतायचे. इतकी वर्षं जुन्या डिझेल गाडीनं ही ओढाताण निभावली. यंदा तिनं मान टाकली, आणि मेकॅनिकनं सांगितलं की आता हिच्यावर खर्च करण्यात काही अर्थ नाही.

मुलगा विम्याच्या कचेरीत होता. पन्नाशी उलटली तरी मेट्रनबाई त्याला बाळ्याच म्हणत. बाळ्याला एखादी गोष्ट घ्यायची झाली की तो आधी तिचे आकडे मांडायचा. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यानं सुनेला समजवायला घेतलं.

"हे बघ. पेट्रोल गाडी घ्यायला स्वस्त, आवाज नाही, कटकट नाही. पण आपण हायवेला जोरात चालवतो, तीन माणसांचं सामान असतं, पेट्रोल पिणारच. डिझेल लांबच्या प्रवासाला सगळ्यात सरळ, पण घेतानाच लाखभर जास्त. शिवाय उद्या डिझेलवर बंदी आली तर बसा टाळ्या वाजवत. सीएनजी मात्र किलोमीटरला सगळ्यात स्वस्त. आपलं फिरणंच एवढं आहे की वरचे पैसे दीड वर्षात वसूल."

"चढाला दम लागतो म्हणे सीएनजीला," सून म्हणाली. गाडी तीच चालवायची. बाळ्या शेजारी बसून रस्ता सांगायचा, तोही बहुतेक वेळा वळण गेल्यावर.

"थोडा लागतो. आपल्याला काय शर्यत जिंकायची आहे?"

मेट्रनबाई पलंगावरून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि मला कोणी विचारणार आहे का?"

"आई, तुला काय त्यातलं? तुला फक्त मागं बसायचं आहे."

"हो ना. टेबलाचा पाय लावल्यासारखं."

बाळ्या हसला. त्या हसल्या नाहीत.

सुनेच्या भावाकडे सीएनजी गाडी होती. दुकानातून एक फेरी मारून काय कळतं, एकदा पूर्ण प्रवासच करून बघू, असं सून म्हणाली आणि शनिवारसाठी ती गाडी मागून आणली. बाळ्यानं होकार दिला, कारण त्याला खात्री होती की निकाल आपल्याच बाजूनं लागणार.

पहिली अडचण अंगणातच आली. डिकी उघडली तर आत लांबलचक सिलिंडर आडवा पडलेला. उरलेल्या फटीत दोन पिशव्या मावल्या. चाकाची खुर्ची घडी घालून उभी, आडवी, तिरकी लावून पाहिली. डिकीचं झाकण काही लागेना.

"खुर्ची राहू दे. वॉकर पुरे," बाळ्या म्हणाला. "नवीन मॉडेलला दोन लहान टाक्या असतात, डिकीच्या तळाखाली. तिथं मावेल खुर्ची."

"आज मात्र मी मावत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

"आई, एक दिवसाचा प्रश्न आहे."

सुनेनं खुर्ची परत घरात नेऊन ठेवली. वॉकर मागच्या सीटखाली पायांच्या जागेत सरकवला, आणि मेट्रनबाई नेहमीसारख्या आधी टेकल्या, मग हातांवर जोर देऊन मागं मागं सरकल्या, मग सुनेनं त्यांचा पाय उचलून सीटवर ठेवला.

हायवे मोकळा होता. गाडी सपाटीला छान पळाली. बाळ्या डॅशबोर्डवरचे गॅसचे हिरवे दिवे दाखवत होता आणि किलोमीटरला किती पडले ते सांगत होता, जणू क्रिकेटचा स्कोअरच. डोंगराचा चढ लागला तेव्हा मात्र गाडीनं सुस्कारे टाकायला सुरुवात केली. सुनेनं गिअर उतरवला, मग एसी बंद केला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत अंगावर आला.

"बघ, जातेय की," बाळ्या म्हणाला.

"जातेय," सून म्हणाली. "बैलगाडीपण जाते."

चढ संपता संपता हिरव्या दिव्यांपैकी एकच उरला. सीएनजीचं हेच आहे. टाकी सांगायला साठ लिटरची, पण तिच्यात गॅस मावतो सात-आठ किलो, आणि तो हायवेला दोनशे किलोमीटर पुरला तर नशीब. पुढचा पंप फोनवर शोधला. तिथं पोचले तर गाड्यांची रांग पार सर्व्हिस रोडपर्यंत आलेली. रांग सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. शेवटी त्यांचा नंबर लागला. पंपावरच्या बाईनं काचेवर टकटक केलं.

"इंजिन बंद. फोन बंद. सगळ्यांनी खाली उतरा."

"माझी आई मागं आहे, तिचा पाय..." बाळ्या म्हणाला.

"सगळ्यांनी, दादा. गॅस दोनशेच्या प्रेशरनं भरतो आम्ही. गाडीत माणूस ठेवून नळी लावत नाही. माझी नोकरी जाईल आणि तुमचं माणूस."

बाईचं काही चुकत नव्हतं. मेट्रनबाईंनी स्वतः ऑक्सिजनच्या सिलिंडरांशी जन्म काढला होता; ही शिस्त त्यांना बाळ्यापेक्षा जास्त समजत होती. त्या उतरायला लागल्या. पण पंपाची मार्गिका अरुंद, शेजारी लोखंडी खांब, दार अर्धंच उघडत होतं. सरळ पाय त्या अर्ध्या दारातून काढायचा म्हणजे अरुंद जिन्यातून शिडी उतरवायची. सुनेनं खांदा दिला, बाळ्यानं पाय धरला, नको तिकडे ओढला, मेट्रनबाईंच्या तोंडून एक शब्द गेला जो त्यांनी वॉर्डात कोणालाही वापरू दिला नसता. मग वॉकर घेऊन उन्हात पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. मागून हॉर्न.

सगळा खटाटोप करून उभ्या राहिल्या, तोवर बाईनं नळी काढली. "प्रेशर कमी आहे आज. अर्धीच भरली."

"म्हणजे?" बाळ्या म्हणाला.

"म्हणजे पुढे परत भरा."

परत बसायला उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

अर्ध्या टाकीचं अर्धं आयुष्य. शंभर किलोमीटर होतात न होतात तोच दिवे पुन्हा उतरले, आणि पुन्हा रांग लागली, आधीच्या दुप्पट लांब. बाळ्यानं घसा साफ केला. तो घसा साफ करण्याची रीत मेट्रनबाईंना ओळखीची होती. लहानपणी काच फोडून आला की असाच करायचा.

"आई, मी काय म्हणतो. तुला हा त्रासच आहे. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा आम्ही दोघं जाऊ, आणि तू घरूनच व्हिडिओ कॉल कर मावशीला. बघणं होईल, प्रवास नको."

मेट्रनबाई म्हणाल्या, "आणि ती माझ्याशी बोलणार कशी? स्क्रीन दाबून?"

सुनेनं आरशात सासूकडे बघितलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

नंबर आला. सगळ्यांनी खाली उतरा. मेट्रनबाई उतरल्या आणि वॉकर टेकत पिवळा पट्टा ओलांडून गेल्या. या वेळी टाकी पूर्ण भरली. सुनेनं गाडी पुढे काढून चाकात हवा भरतात तिथं बाजूला लावली, म्हणजे दार पूर्ण उघडेल. बाळ्या मागचं दार धरून उभा राहिला.

"ये आई. बस."

मेट्रनबाई हवावाल्याच्या शेडखाली एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"नाही बसत."

"म्हणजे?"

"उतर म्हणालास, उतरले. आता बस म्हणालास तर बसणार नाही. घरीच ठेवायचं ठरवलंयस ना मला? मग इथंच ठेव. घरापेक्षा इथं वारा बरा आहे."

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत. तिकडे रांगेत तासभर बसून त्यांनाही कंटाळा आलाय."

रांगेत खरंच टॅक्सीवाले गाड्यांतून उतरून उभे होते. त्यातला एक पोट सावरत जवळ आला. "काय झालं मावशी?"

"मुलगा सीएनजी गाडी घेतोय."

"चांगली आहे की. मी तिच्यावरच पोरं शिकवली."

"तुझी गाडी शहरात फिरते. रोज तोच पंप, एकटा उतरतोस, चहा पितोस, बसतोस. तुला चांगलीच आहे. मी सोडून सगळ्यांना चांगली आहे."

टॅक्सीवाल्यानं त्यांच्या सरळ पायाकडे बघितलं, मग बाळ्याकडे. "साहेब, तुम्ही पेट्रोलवर चालवा की मग. या गाडीत दोन्ही असतं. बटन दाबलं की पेट्रोल."

बाळ्याला जणू हातात दोर मिळाला. "तेच! आई, ऐक. तू बरोबर असशील तेव्हा आपण पेट्रोलवरच चालवू. रांग नाही, उतरणं नाही. आम्ही दोघंच असलो की गॅसवर. झालं?"

"नाही झालं."

"आता काय?"

"मग प्रत्येक वेळी मी गाडीत बसले की तुझा हात त्या बटनाकडे जाणार, आणि तुझ्या डोक्यात आकडा फिरणार. आज आईमुळे एवढे जास्त पडले. तू बोलणार नाहीस, पण मला दिसेल. दिवाळं निघालेल्या माणसासारखा चेहरा होतो तुझा. वर्षभरानं तू म्हणशील, आई, या महिन्यात राहू दे. मग पुढच्याही. मला महागडं सामान व्हायचं नाही, बाळ्या. गाडी घेतोयस ती घरातल्या सगळ्यांना घेऊन जाईल अशी घे. पेट्रोलची घे, डिझेलची घे, मला त्यातलं कळत नाही असं तूच म्हणालास. पण मला उतरवणारी घेऊ नकोस."

"पण मी बुकिंग केलंय," बाळ्या पुटपुटला.

सून एकदम वळली. "कधी?"

"काल."

"मग आज ही परीक्षा कशाला घेत होतो आपण?"

"तुमची खात्री पटावी म्हणून."

सुनेनं गाडीचं दार असं लावलं की हवावालाही दचकला. मेट्रनबाईंनी मात्र आवाज चढवला नाही. त्यांनी वॉर्डातला आवाज काढला, जो हळू असायचा आणि ज्यावर आजवर कोणी वाद घातला नव्हता.

"सूनबाई, तो समोरच्या काचेला उन्हासाठी लावता तो पुठ्ठा आण. आणि माझी ओढणी. तुझीपण."

सुनेला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. शिकाऊ नर्सना मेट्रनबाई पहिल्याच आठवड्यात हेच करायला लावायच्या, हे घरात सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलं होतं. पाय बांधायचा आणि सांगायचं, आता पलंगावरून उतरून दारापर्यंत जा. त्यानंतर त्या मुली पेशंटवर कधी ओरडल्या नाहीत.

"आई, हे अति होतंय," बाळ्या म्हणाला.

"उजवा पाय पुढे कर."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"मी कुठं उतरले होते? न्हाणीघरात?"

टॅक्सीवाला मोठ्यानं हसला, मग तोंडावर हात ठेवला. बाळ्यानं इकडेतिकडे बघितलं. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, विम्याच्या कचेरीत हाताखाली माणसं असलेला. त्यानं पाय पुढे केला. मेट्रनबाईंनी खुर्चीवर बसूनच पुठ्ठा घडी घालून गुडघ्यामागं लावला, वर-खाली दोन ओढण्या गुंडाळल्या आणि अशा काही गाठी मारल्या की त्या सोडवायला त्यांनाच बोलवावं लागलं असतं.

"आता मागच्या सीटवर बस. पाय आडवा. सूनबाई, दार अर्धंच उघड, मघाच्या पंपावर उघडलं होतं तेवढं."

बाळ्या आधी नेहमीसारखा वाकायला गेला आणि डोकं आपटलं. मग पाठमोरा टेकला, मागं सरकला, पण पाय आत येईना, कारण तो स्वतः उचलता येत नव्हता. सुनेनं तो उचलून आत ठेवला. तिनं तेवढीच मदत केली, जेवढी ती सासूला करायची.

"सगळ्यांनी खाली उतरा!" टॅक्सीवाला ओरडला. रांगेतून कोणीतरी हॉर्नही वाजवला, हौसेनं.

बाळ्या उतरायला लागला. पाय आधी काढावा तर शरीर आत अडकतं, शरीर आधी काढावं तर पाय दारात अडकतो. त्यानं सीटची कड धरली, मग दाराची, मग वरचं हँडल. कपाळावर घाम आला. एकदा वाटलं तो पडणार, आणि टॅक्सीवाला पुढे झाला, पण मेट्रनबाईंनी बोट उचलून त्याला थांबवलं. शेवटी बाळ्या डाव्या पायावर नाचत उभा राहिला. सुनेनं वॉकर पुढे केला. तो आईचा, तिच्या उंचीचा. बाळ्याला त्यावर कमरेत वाकून चालावं लागलं.

"पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे, दादा," पंपावरची बाई लांबून ओरडली. काय चाललंय ते तिला ठाऊक नव्हतं, पण नियम ठाऊक होता.

तो पट्ट्यापर्यंत गेला. परत आला. आईसमोर उभा राहिला तेव्हा धापा टाकत होता, आणि आता कोणीही हसत नव्हतं.

"घरापासून इथपर्यंत मला किती वेळा उतरवलंस?" मेट्रनबाईंनी विचारलं. "आणि जाताना एवढं, तर येताना?"

बाळ्यानं मान खाली घातली आणि वॉकरच्या रबरी पायाकडे बघत राहिला. मग खिशातून फोन काढला, पंपावर फोन बंद ठेवायचा हे आठवून तसाच लंगडत कुंपणाबाहेर गेला. सून मागोमाग गेली. मेट्रनबाईंना सगळं बोलणं ऐकू आलं नाही, पण बाळ्याचा आवाज चढला तेव्हा तेवढा आला.

"हो, दोन टाक्या खाली आहेत, डिकी मोकळी आहे, ते मला माहिती आहे. मी एवढंच विचारतोय, भरताना उतरावं लागतं का नाही? ... नियमच आहे ना? मग नको. ... नाही, खर्चाचा प्रश्न नाही. असेल, पण माझा आहे तो."

मग फोन सुनेनं घेतला. ती डिझेलचं बोलली. चढाला ताकद किती, टाकी एका वेळी नऊशे किलोमीटर जाते का, डिकीचं तोंड किती रुंद. दुकानदारानं बहुधा बजावलं असावं की नव्या डिझेलचा धूर गाळणारा फिल्टर आखूड फेऱ्यांनी तुंबतो, गाडी अधूनमधून लांब पळवावी लागते, कारण सून म्हणाली, "ती काळजी करू नका. आमच्या घरात आखूड फेरी कोणी मारतच नाही."

दोघं परतले.

"दोन महिने थांबावं लागेल," बाळ्या म्हणाला. "डिझेल मागवावी लागते."

"आणि दोन महिने मी काय करू?"

"तोवर हिच्या भावाची ही गाडी मिळेल. पेट्रोलवर. आणि किती पडले ते मी सांगणार नाही."

"मनातही मोजायचे नाहीत."

"ते जमेल असं वाटत नाही."

"प्रयत्न कर."

मेट्रनबाई उठल्या. वॉकर घेऊन गाडीपर्यंत गेल्या, पण मागच्या दाराशी थांबल्या नाहीत. पुढचं दार उघडलं. "ही सीट शेवटपर्यंत मागं सरकते ना, सूनबाई? सरकव. पाठही पाड. पाय लांब करता येईल की मला इथं. इतकी वर्षं कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही?"

"तिथं मी बसतो," बाळ्या म्हणाला. "मागं बसलं की मला मळमळतं, तुला माहिती आहे."

"मी सांभाळलेयत तसले पेशंट. पिशवी आहे माझ्याजवळ."

टॅक्सीवाल्यानं सलाम ठोकला. सुनेनं डॅशबोर्डवरचं बटन दाबलं, गॅसचे भरलेले हिरवे दिवे एकदम विझले आणि गाडी पेट्रोलवर हायवेला लागली. चढ आला तरी ती आता कुरकुरत नव्हती. मागं बाळ्या आडवा बसला होता, बांधलेला पाय सीटवर पसरून, एका हातानं वरचं हँडल धरून.

"आई, आता तरी सोड ना ही गाठ."

मेट्रनबाईंनी पाय लांब केला, काच थोडी खाली केली आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "पोचल्यावर."